दारामागचा कान

आवाजवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. दुकानावर टीव्ही दुरुस्तीचा बोर्ड होता, त्यावर नाव रंगवलेलं होतं, पण बोर्ड वाचून दुकानात शिरणारी गिऱ्हाइकं वेगळी आणि घरी बोलावून नेणारी वेगळी. घरी बोलावणारे म्हणायचे, "आवाजवाल्यांना आणा. आपला टीव्ही बांधून घेऊ."

टीव्ही बांधणं म्हणजे भिंतीला बांधणं नव्हे. आवाज बांधणं. हे काम त्यांना एका लॉजच्या मालकानं शिकवलं, म्हणजे शिकवलं नाही, गळ्यात घातलं. एका खोलीतलं गिऱ्हाईक टीव्ही मोठ्यानं लावायचं आणि शेजारच्या खोलीतलं मालकाला झोपेतून उठवायचं. आवाजवाल्यांनी तेव्हा कंपनीच्या माणसाला खोदून खोदून विचारलं. बहुतेक टीव्हींच्या पोटात हॉटेलांसाठी एक लपवलेली यादी असते. रिमोटची ठरावीक बटणं ठरावीक क्रमानं दाबली की ती उघडते. त्या यादीत दोन आकडे भरता येतात. एक कमाल आवाजाचा. तो भरला की रिमोटवर बोट झिजेपर्यंत दाबा, आवाज त्याच्यावर चढत नाही. दुसरा सुरुवातीच्या आवाजाचा. आदल्या दिवशी कुणी कितीही मोठा करून ठेवलेला असो, टीव्ही पुन्हा लावला की तो आपला त्या ठरलेल्या आकड्यावरच बोलायला लागतो.

लॉजमधून ही युक्ती घराघरांत गेली. लोकांना पहिला आकडा लगेच पटायचा, दुसऱ्याला ते नाकं मुरडायचे. मग आवाजवाले समजावत. "संध्याकाळी सगळे जागे असताना तुम्ही सामना बघता. आवाज वर. टीव्ही तसाच बंद करता. पहाटे कुणीतरी हवामान बघायला बटण दाबतं, आणि पाळण्यातलं पोर किंचाळून उठतं. वरचा आकडा कानासाठी, खालचा झोपेसाठी. दोन्ही हवेत." एवढं बोलून झालं की ते चहा घेत. तोवर बहुधा घरातल्या बाईनं निर्णय घेतलेला असायचा.

आकडे मात्र ते कधी अंदाजानं भरत नसत. एका टीव्हीवरचा वीस आणि दुसऱ्यावरचा वीस यांचं सोयरसुतक नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय खोली वेगळी, भिंत वेगळी. म्हणून त्यांची एक पद्धत होती. आधी सेट टॉप बॉक्सचा आवाज पूर्ण चढवून ठेवायचा, म्हणजे मागाहून कुणी तिकडून वाढवून फसवायला नको. मग ज्या खोलीत माणूस झोपतो त्या खोलीत जाऊन दार लावून उभं राहायचं. बाहेर कुणीतरी एकेक आकडा चढवायचा. आत नुसती गुणगुण ऐकू येते तोवर चालू द्यायचं. पहिला शब्द कळला की थांबा! "गुणगुणीनं माणूस झोपतो," ते म्हणायचे, "शब्दानं उठतो. शब्द कळला की डोकं ऐकायला लागतं." त्या आकड्यातून दोन वजा केले की कमाल आवाज, आणि त्याच्या निम्मा सुरुवातीचा. दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून चिठ्ठी टीव्हीच्या पाठीला चिकटवायची. असे त्यांनी बावीस वर्षांत किती टीव्ही बांधले, त्याची गणती नव्हती. कानाच्या जोरावर चाललेला माणूस. आपल्या कानाचा त्यांना भारी अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वसुद्धा.

तर अशा माणसाला एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सिस्टरांनी घरी नेलं.

सिस्टर दवाखान्यात रात्रपाळीला होत्या. सकाळी घरी यायच्या, वडिलांना खायला घालायच्या आणि दुपारभर झोपायच्या. निदान झोपायचा प्रयत्न करायच्या. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्यांचे बाबा आणि टीव्ही. बाबांनी सगळा जन्म छापखान्यात यंत्रांच्या धडधडीत काढलेला, त्यामुळे कान तिथेच ठेवून घरी आलेले. टीव्ही हीच आता त्यांची सोबत. सिस्टर म्हणाल्या, "काका, त्यांना बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवसभर दुसरं काय आहे त्यांना? पण मी रात्री लोकांना औषधं देते हो. झोपेत असताना चालणारं काम नाही ते."

"तुम्ही काळजीच करू नका," आवाजवाले म्हणाले.

बाबांना हाकेनं काही कळवणं शक्य नव्हतं, म्हणून रिमोट सिस्टरांनी घेतला. आवाजवाले आतल्या खोलीत गेले, दार लावलं, पलंगाशेजारी डोळे मिटून उभे राहिले. "वाढवा!" ते आतून ओरडले. "अजून! ... अजून! ... अजून एक!" सिस्टरांना बाहेर आवाज बराच मोठा वाटत होता, पण रात्रभर जागलेलं डोकं, आणि समोर बावीस वर्षांचा जाणकार. त्या दाबत राहिल्या. शेवटी एकदाचं "थांबा!" आलं. आवाजवाल्यांनी लपलेली यादी उघडली, कमाल आवाज तीस भरला, सुरुवातीचा पंधरा. टीव्ही बंद करून पुन्हा लावून दाखवला. पंधरावर लागला, तीसवर अडला. चिठ्ठी चिकटवली आणि समाधानानं दुकानात परत आले.

आठ दिवसांनी सिस्टर दुकानात आल्या. डोळे लाल, चेहरा उतरलेला. आल्या त्या बाकावर बसल्याच.

"काका, रागावू नका. पण काही फरक नाही पडला."

"पडायलाच हवा."

"काल मी एका पेशंटच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले आणि कशाला आले तेच आठवेना. हातात इंजेक्शन होतं. मीच घाबरले."

आवाजवाल्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लागलं. आपण बांधलेला आवाज सुटला? शक्यच नाही. बाबांनी काहीतरी खुडबुड केली असणार. जुनी छापखान्यातली माणसं, बोटं स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी त्याच पावली दुकानाला कुलूप घातलं आणि सिस्टरांबरोबर निघाले. वाटेत त्यांच्याच मनात एकेक आरोपी उभा राहत होता: बाबा, सेट टॉप बॉक्स, दाराखालची फट. स्वतः सोडून सगळे.

घरी जाऊन पाहिलं तर यादीत तीस आणि पंधरा जसेच्या तसे. बॉक्सचा आवाज पूर्ण, जसा त्यांनी ठेवला होता तसाच. बाबा बिचारे खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघून हसत होते. दाराखाली फट होती, पण मुंगीला वाकून जावं लागेल एवढीच.

"आपण पुन्हा मापू," आवाजवाले म्हणाले. "या खेपेला तुम्ही माझ्याबरोबर आत या. मी काय करतो ते बघा."

मग रिमोट बाबांकडे गेला. त्यांना खुणेनं समजावलं: दहा मोजायचे, एकदा दाबायचं. पुन्हा दहा मोजायचे. बाबा खूष झाले. असं नेमून दिलेलं काम त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. दार लागलं. आवाजवाले पलंगाशेजारी डोळे मिटून उभे राहिले, सिस्टर त्यांच्या शेजारी.

थोडा वेळ गेला. सिस्टर म्हणाल्या, "थांबवायचं ना आता?"

"अहो, अजून नुसती गुणगुण आहे."

बाहेर बाबांनी दहा मोजून आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

"काका," सिस्टर हळू म्हणाल्या, "ती बाई बातम्या देतेय. नदीवरच्या पुलाचं काम दोन महिने पुढे गेलं, असं म्हणाली. आता बाजारातल्या आगीचं सांगतेय. तीन दुकानं."

आवाजवाल्यांनी डोळे उघडले. त्यांनी कान दाराकडे केला. बाई बोलत होती, हे नक्की. तिचा आवाज वर जात होता, खाली येत होता. पण पूल? आग? त्यांना त्यात एकही शब्द सापडेना. उकारान्त, ओकारान्त काहीतरी वाहत होतं, आणि शब्दांच्या ज्या कडा असतात, स, त, क, त्या कुठेच नव्हत्या.

"तुम्ही पेपरात वाचलं असेल सकाळी," ते म्हणाले. आपण काय बोललो याची त्यांना लगेच लाज वाटली.

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी दार उघडून बाबांना टीव्ही बंद करायला लावला. मग आत येऊन आवाजवाल्यांना पलंगावर बसवलं, त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कानाजवळ हात नेऊन अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं.

"ऐकू येतंय?"

"काय?"

दुसऱ्या कानापाशी नेलं. "आणि आता?"

आवाजवाल्यांना कळलं की ही बाई मागे काहीतरी करते आहे, आणि तिच्या जगात त्याचा आवाज होतोय. त्यांच्या जगात खोली शांत होती. त्यांनी मान हलवली. किती तरी वेळ ते पलंगाच्या चादरीवरची एक सुरकुती हातानं सरळ करत बसले.

"वयानं बारीक आवाज आधी जातात, काका," सिस्टर म्हणाल्या. "जाड आवाज राहतात, म्हणून कळत नाही. वाटतं, ऐकू तर येतंय सगळं. आणि तुमचं दुरुस्तीचं काम तर चाळीस वर्षं स्पीकरला कान लावून. आमच्याकडे कानाचे डॉक्टर बसतात गुरुवारी. मी चिठ्ठी देते."

"तुम्ही झोपेशिवाय आठ दिवस काढलेत माझ्यापायी," ते म्हणाले. "दोन मिनिटं द्या. हे आधी नीट करू."

मग त्यांनी सिस्टरांच्या कानानं मापलं. त्या म्हणाल्या तिथे थांबले. सोळा कमाल, आठ सुरुवातीचा. आणि आता दुसरा पेच पडला, कारण सोळावर बाबांना खुर्चीत बसून काही म्हणजे काही ऐकू येईना. ते टीव्हीकडे बघत राहिले, मग मुलीकडे बघितलं, आणि म्हणाले, "असू दे. मी चित्रं बघेन." ते इतक्या समजूतदारपणे म्हणाले की सिस्टरांना रडू आलं.

पण आवाजवाल्यांचे कान गेले होते, डोकं गेलं नव्हतं. टीव्ही ज्या भिंतीला होता तिच्या पलीकडेच सिस्टरांचा पलंग होता. त्यांनी टीव्ही उचलून समोरच्या भिंतीला नेला आणि बाबांची खुर्ची ओढत ओढत टीव्हीपासून दोन हातांवर आणून ठेवली. आवाज तेवढाच, पण कान त्याच्याजवळ गेला. सिस्टर आत जाऊन पुन्हा ऐकून आल्या. भिंत बदलल्यामुळे आता दोन आकडे वर चढवूनही आत शब्द कळत नव्हते. म्हणून अठरा आणि नऊ भरले. बाबांनी मान पुढे काढून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "पूल लांबला म्हणे! मी म्हटलंच होतं. इतकी वर्षं मी मागे बसत होतो, डोळे बिघडतील म्हणून."

आवाजवाल्यांनी नवी चिठ्ठी लिहून टीव्हीच्या पाठीला चिकटवली. सिस्टरांनी दिलेली दुसरी चिठ्ठी, डॉक्टरांची, त्यांनी खिशात ठेवली.

दुकानात दुरुस्तीला आलेला एक टीव्ही पडून होता, सिस्टरांकडच्याच कंपनीचा, त्याच मापाचा. पाठीला त्यांच्याच अक्षरातली सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी: सतरा, आठ. खोलीखोलीत फरक असतो, पण तेरा आकड्यांचा नसतो. मधली ही वर्षं. मधली ही सगळी घरं. कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. लोकांना वाटलं असेल, आवाजवाल्यांनी बांधलाय म्हणजे बरोबरच असणार, आपलीच झोप कच्ची.

त्या संध्याकाळी ते लवकर घरी गेले. बायको भाजी निवडत होती. त्यांनी चप्पल काढता काढताच सांगितलं, "जरा आत जा. दार लावून घे. टीव्हीतला शब्द कळला की सांग."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. गावभर आवाज बांधत फिरलेल्या माणसानं घरचा टीव्ही कधी बांधला नव्हता. दोघंच तर राहतो, कुणाची झोपमोड होणार, असं म्हणून राहूनच गेलं होतं. ती भाजी बाजूला सारून आत गेली. त्यांनी टीव्ही लावला. तो रोजच्या आकड्यावर लागला, अठ्ठावीस.

"कळतंय!" ती लगेच आतून म्हणाली.

त्यांनी पाच उतरवले. "कळतंय." आणखी पाच. "कळतंय!" पंधरा. "अहो, कळतंय." बारावर ती गप्प झाली. बारावर बाहेरच्या खोलीत पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत होती.

ते दार उघडून आत गेले. ती खिडकीशी उभी होती आणि घाईघाईनं एका लहानशा डबीचं झाकण लावत होती. त्यांनी डबी तिच्या हातातून घेतली, उघडली. आत कापसाचे दोन बोळे होते, वापरून वापरून चपटे झालेले, कानाच्या आकाराचे.

"हे काय?"

"तुमची चाहूल लागली की घालते. आता काढले, तुम्ही ऐकायला सांगितलंत म्हणून."

"कधीपासून घालतेस?"

"नात चालायला लागली ना, त्याच्या आधीपासून."

नात आता शाळेत जात होती. म्हणजे इतक्या संध्याकाळी ही आपल्या शेजारी बसली, हसण्याच्या जागी हसली, आणि कानात कापूस.

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "बाहेर लोक तुमच्या कानाच्या शपथा घेतात. तुम्हीही घेता. त्या कानात काही उरलं नाही, हे घरच्या माणसानंच म्हणायचं?" मग तिनं त्यांच्या हातातून डबी परत घेतली. "आणि मला कुठे काय त्रास होता? कापूस घातला की झालं. शेजारी बसायला मिळत होतं."

त्यांनी तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दिवसाउजेडी हात धरणं त्यांना जमत नसे, पण धरला. म्हणाले, "चुकलो मी. फार मोठ्यानं जगलो तुझ्या शेजारी." ती म्हणाली, "पुरे, भाजी राहिली आहे," आणि हात मात्र सोडवून घेतला नाही.

घरचा टीव्ही त्यांनी त्याच वेळी बांधला. दहा कमाल, पाच सुरुवातीचा. बायको म्हणाली, तुम्हाला काही ऐकू येणार नाही. ते म्हणाले, मी खुर्ची पुढे घेईन, आणि गुरुवारी डॉक्टरांकडे जाईन. तेवढ्यावर भागलं असतं. गुरुवार आला, कान तपासले, यंत्र घ्यावं लागेल असं ठरलं, त्याला महिना लागणार होता. पण बांधलेली घरं महिनाभर थांबणार नव्हती. आणि यंत्र आलं तरी दारामागे उभं राहून मापायला त्यांना आता स्वतःच्या कानावर भरवसा ठेवायचा नव्हता.

"तू येशील का माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. "फक्त आत उभं राहायचं."

"मी? लोकांच्या घरी? आणि काय सांगाल त्यांना, बायकोला फिरायला आणलंय?"

"बघू काय सांगायचं ते."

पहिलं घर शिंपिणीचं होतं. तिचा टीव्ही त्यांनी गेल्या वर्षी बांधला होता, आणि आता तिच्या लेकीचं तीन महिन्यांचं बाळ आतल्या खोलीत झोपलेलं होतं. आवाजवाल्यांची बायको दाराशी अवघडून उभी राहिली. शिंपिणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"आवाज नीट बांधलाय की भाऊ तुम्ही. पुन्हा कशाला? आणि वहिनींचं काय काम?"

वाटेत आवाजवाल्यांनी तीन-चार थापा जुळवून ठेवल्या होत्या. नवी पद्धत निघालीय. दोन माणसं लागतात. कंपनीचा नियम. एक एक थाप ओठांपर्यंत आली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, नवरा काय म्हणेल ते मान्य करायच्या तयारीनं, इतकी वर्षं करत आली तशीच.

"माझे कान गेलेत," ते म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट. "मागच्या वेळी मी चुकीचा बांधून गेलो. तुमच्या बाळाला तेवढा आवाज बरा नाही. आता मी नुसता बटणं दाबतो. ऐकते ती."

शिंपिणीच्या हातातली टेप तशीच राहिली. "म्हणजे त्याच्यामुळेच होय ते दचकून उठतं!" ती म्हणाली, आणि वहिनींसाठी आतलं दार उघडून दिलं.

एक अडचण दार लावता लावता लक्षात आली. बाळ झोपलेलं, आतून ओरडून सांगता येणार नाही. आणि हळू सांगितलं तर ते यांना ऐकू येणार नाही. आवाजवाल्यांनी दाराला बोट लावून तिला खूण केली, दार ओढून घेतलं आणि रिमोट घेऊन तिथेच उभे राहिले. डावा तळवा त्यांनी दारावर सपाट टेकवला आणि उजव्या हातानं आवाज एकेक चढवायला लागले. सहा. सात. आठ. नऊवर पलीकडून तिनं बोटानं दारावर दोनदा हलकंच टकटक केलं. कानाला काही समजलं नाही, पण लाकडातून ते त्यांच्या तळव्यात आलं, आणि ते थांबले.